आमच्या घरून जाणारा पाळणा

आमच्या आळीतल्या मुरलीधराच्या देवळात पाळणा ठेवायला जागा नाही. गाभारा लहान, सभामंडप तिन्ही बाजूंनी उघडा, आणि रत्नागिरीचा पाऊस आडवा येतो. म्हणून गोकुळाष्टमीचा सागवानी पाळणा वर्षभर आमच्या माळ्यावर असतो. ही व्यवस्था कुणी लावली ते मला ठाऊक नाही. माझ्या लग्नाच्या आधीपासून तो तिथे आहे. श्रावण लागला की मी शिडी लावायची, पाळणा आणि त्याची चौकट खाली काढायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि पडवीत नेऊन ठेवायची. माझं काम तिथे संपायचं. पुढचं सगळं बायकोचं.

ती शिवणकाम करायची. आळीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे. त्यामुळे पाळण्याचं कापड, चुण्या, झालर, छोटी गादी, छोटे लोड हे सगळं तिच्याकडे आपोआप आलं होतं. मग मोरपिसं आली, फुलं आली, दोरीही आली. मी शाळेत भूगोल शिकवत होतो. संध्याकाळी घरी आलो की पडवीत रंगीत कापडांचा ढीग दिसायचा आणि त्यातून तिचा आवाज यायचा, "अहो, चहा तुम्हीच करून घ्या हं आज." मी चहा करून घ्यायचो. एवढ्या वर्षांत तो पाळणा ती नेमका कसा सजवते हे मी एकदाही बसून पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. अष्टमीला रात्री देवळात गेलं की तो सजलेला असायचाच.

दोन वर्षांपूर्वी काजूचा हंगाम संपता संपता एका सकाळी तिच्या हातातली कात्री खाली पडली. ती उचलायला वाकली आणि तशीच कलंडली. उजवी बाजू लुळी पडली होती. दवाखान्यातून घरी आली तेव्हा पायात थोडा जीव आला होता. काठी धरून, पाय ओढत ती चालू शकत होती. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहायचा. आणि वाचा गेली होती.

गेली म्हणजे पुरती गेली नव्हती. एक शब्द उरला होता. का ते देव जाणे, पण तो शब्द होता "उद्या". पाणी हवं असलं की उद्या. पंखा नको असला की उद्या. मुलीचा पुण्याहून फोन आला की कानाला फोन लावून हसत हसत उद्या, उद्या, उद्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं. "त्यांना सगळं समजतं. बोलायचं काय तेही मनात ठरलेलं असतं. फक्त तोंडातून दुसरा शब्द येत नाही. घाई करू नका, आणि त्यांच्या वतीने तुम्ही बोलून टाकू नका." हे दुसरं मला फार कठीण गेलं. शिक्षकाला समोरच्याचं वाक्य पुरं करायची सवय असते.

श्रावण लागला तशा शेजारच्या वहिनी आल्या. देवळातल्या बायकांचं भजन त्याच चालवतात. माझ्या बायकोपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, तरी तिलाही वहिनीच म्हणतात. बोलायला मोकळ्या आणि कामाला खंबीर.

"भावोजी, यंदा पाळणा आम्ही देवळातच सजवू," त्या म्हणाल्या. "वहिनींना त्रास नको. तुम्ही फक्त खाली काढून द्या. येऊन घेऊन जाऊ."

"बरं होईल," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच झालं.

पाळणा काढला, पुसला, पडवीत ठेवला. बायको खुर्चीवर बसून बघत होती. संध्याकाळी वहिनी आणखी दोघींना घेऊन आल्या. त्यांनी चौकटीला हात लावला मात्र, बायको काठीवर जोर देऊन उठली. पाय ओढत आली आणि डावा हात चौकटीच्या आडव्या दांडीवर ठेवून उभी राहिली.

"उद्या," ती म्हणाली.

"उद्या नेऊ म्हणता? बरं बरं, उद्या येतो," वहिनी म्हणाल्या आणि तिघी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. बायको परत उठली, परत दांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "उद्या." या वेळी आवाज चढलेला होता. वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. मी तोंड उघडणार होतो, पण डॉक्टरांचं आठवलं आणि गप्प बसलो.

वहिनी पडवीच्या पायरीवर टेकल्या. "तुम्हाला पाळणा इथूनच जायला हवाय का? सजून?"

बायकोने जोरात मान हलवली. होय.

"अहो पण हात?"

बायकोने दांडीवरचा हात काढला आणि बोट माझ्याकडे केलं.

वहिनींनी पदराने डोळे पुसले, मग खो खो हसल्या. "बघा भावोजी. तुमची नेमणूक झाली."

तर असा मी त्या कामाला लागलो.

कापडांची ट्रंक उघडली आणि पहिल्याच दिवशी आमचं बिनसलं. ट्रंकेत जुन्या साड्यांचे काठ, साटीनचे तुकडे, मखमल, जाळीचं कापड, जरीच्या फिती, सगळं नीट घडी करून ठेवलेलं. मी एक लाल साटीन काढलं. "उद्या." पिवळं काढलं. "उद्या." हिरवं काढलं, तिने डाव्या हाताने ते माझ्या हातातून ओढलं आणि जमिनीवर टाकलं. मला वाटलं हिरवं नको. मी ते घडी करून परत ट्रंकेत ठेवलं. तर ती रडकुंडीला आली.

"अगं, मग काय हवंय ते मला कळणार कसं?" माझा आवाज चढला.

ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. झिमझिम पाऊस होता, पन्हाळीतून पाणी घागरीत पडत होतं. मला तिचा राग आला नव्हता. उजव्या बाजूने थिजलेला तो चेहरा, आत सगळं शाबूत आणि बाहेर यायला वाट नाही, याचाच राग आला होता. तो काढायचा कुणावर?

परत आलो ते चटई घेऊन. ट्रंकेतलं सगळं कापड चटईवर पसरून मांडलं, दुकानात मांडतात तसं. पाळणा मध्ये ठेवला. तिला खुर्चीतून उतरवून चटईजवळ पाटावर बसवलं. "आता तू दाखव. मी बोलत नाही," म्हणालो.

तिने हिरवं साटीन उचललं आणि पाळण्याच्या तळाशी टाकलं. तिने मघाशी ते जमिनीवर टाकलं होतं ते नको म्हणून नव्हे. ते खाली जाणार, एवढंच तिला सांगायचं होतं. मग एका जुन्या पैठणीचा रुंद जांभळा काठ उचलून कठड्यावर ठेवला. पांढरी जाळी वर, चौकटीच्या दांडीवरून दोन्ही बाजूंना पडद्यासारखी. एका झटक्यात तिने मला पूर्ण पाळणा दाखवला. हे सगळं तिच्या डोक्यात तयारच होतं.

मग माझी शिकवणी सुरू झाली. चुणी कशी घालायची? मी पट्टी घेऊन पेन्सिलीने खुणा करू लागलो. तिने पट्टी काढून घेतली, स्वतःची तर्जनी कापडावर ठेवली, तिच्यावरून कापड दुमडलं आणि बोट काढून पुढे ठेवलं. एक बोट, एक चुणी. माझं बोट जाड, म्हणून चुण्याही जाड येत होत्या. तिने माझी करंगळी पकडून दाखवली. करंगळीने चुण्या सुंदर आल्या. टाचण्या लावायला गेलो तर हात मारून थांबवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, देवाच्या अंगाला टाचणी लागू नये म्हणून ती सगळं सुईदोऱ्याने लांब टाके घालून शिवायची. लांब टाका, म्हणजे दुसऱ्या दिवशी कापड न फाडता उसवताही येतो. सुई ओवायला मला चष्मा काढून डोळ्याजवळ धरावी लागली. ती डाव्या हाताने कापड ताणून धरायची आणि मी टाका घालायचो. असं दोघांनी मिळून एक माणूस होऊन आम्ही ती झालर पुरी केली. शेवटच्या टाक्याला ती माझ्या हाताकडे बघत होती, आणि हळूच तिने माझा हात थोपटला. चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला शाबासकी दिल्याचं ते पहिलंच उदाहरण असेल.

मोरपिसांचं वेगळंच झालं. लांज्याकडे माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याच्या बागेमागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, मोर उतरतात. पावसात त्यांची पिसं गळतात, ती तो गोळा करून दर वर्षी पाठवतो. त्या वर्षीची अजून यायची होती. जुनी होती ती वर्तमानपत्रात, कडुनिंबाचा वाळका पाला घालून गुंडाळलेली. उघडून बघतो तर दमट हवेत दबून त्यांची पार रया गेलेली. काड्या वाकलेल्या, डोळ्याभोवतीचे तंतू एकमेकांना चिकटून त्यांच्या दोऱ्या झालेल्या.

"ही टाकून द्यायची ना?" मी विचारलं.

"उद्या!" ती म्हणाली, आणि काठी उचलून स्वयंपाकघराकडे निघाली. मी मागोमाग. तिने ओट्यावरच्या पातेल्याकडे बोट दाखवलं, मग गॅसकडे.

"चहा?"

तिने मान हलवली. मला ती होय वाटली. मी पातेल्यात पाणी ठेवलं. तिने समाधानाने बघितलं. पाण्याला उकळी आली, मी साखर टाकली. ती माझ्याकडे बघायला लागली. आलं-वेलची आणि चहाची पूड टाकली. ती अजूनच बघायला लागली. दूध टाकण्यासाठी मी वळलो तोवर ती हसायला लागली होती. हसता हसता ओट्याला टेकली. दुखण्यानंतर ती अशी पोट धरून हसल्याचं मी पाहिलं नव्हतं. आवाज तसाच होता, अगदी पूर्वीचा. मी दुधाचं पातेलं हातात धरून तसाच उभा राहिलो.

मग तिने एक पीस डाव्या हातात घेतलं आणि चहाच्या वाफेवर धरलं. काडी फिरवली. तंतू हळूहळू सैल झाले, उमलल्यासारखे पसरले. तिने पीस मला दिलं आणि स्वतःच्या बोटांनी हवेत दाखवलं, देठाकडून टोकाकडे, अलगद. मी तसं केलं. हिरव्या-निळ्या डोळ्यात परत चमक आली. वाकलेली काडीही वाफेवर धरून सरळ होते हे मला त्या दिवशी कळलं. मी चहा ओतून घेतला, दोघांनी प्यायला, आणि पातेल्यात नुसतं पाणी ठेवून बाकीची पिसं वाफवली. पहिल्या काही पिसांना दोन दिवस वेलची-आल्याचा वास येत होता.

पिसं कुठे लावायची तेही तिने दाखवलं. मी ती सगळीकडे खोवणार होतो, जितकी जास्त तितकी शोभा असं समजून. तिने पाळण्याच्या उशाकडच्या बाजूला चौकटीच्या खांबाला फक्त पंखा करायला लावला. लांब पिसं मागे, त्यापुढे आखूड कापलेली, सगळे डोळे एकाआड एक दिसतील असे. पाळण्याला स्वतःला एकच छोटं पीस, कठड्यावर, आत न झुकणारं. पाळणा हलला की तेवढंच हलणार.

आता प्रश्न उरला झोक्याचा. देवाची मूर्ती देवळातून निघत नाही. पितळी बाळकृष्ण, रांगता, एका हातात लोण्याचा गोळा. वजनाला मात्र चांगलाच. मग चाचणी घ्यायची कशी? बायकोने खलबत्त्यातला बत्ता मागितला. हे मला पहिल्या फटक्यात कळलं, कारण तिने फडताळाकडे बघून मुठीने कुटायची खूण केली. मी बत्ता आणला, तिने तो एका मऊ फडक्यात गुंडाळला, दोन्ही टोकं नीट आत घातली, आणि हिरव्या साटीनच्या गादीवर आडवा निजवला. मी हसलो. ती हसली नाही. तिने फडकं जरा वर ओढलं, बत्त्याच्या गळ्यापर्यंत.

मी पाळणा चौकटीला टांगला. साखळ्यांत मधे मधे पितळी पोपट आहेत. पाळणा जमिनीला टेकायला नको म्हणून मी साखळ्या वरच्या कड्यांत अडकवून आखूड केल्या. कठड्याच्या कोपऱ्याला दोरी बांधली आणि ओढली. पाळणा झटका खाऊन तिरका गेला, गिरकी घेतली, चौकटीच्या खांबावर आपटला, आणि आतला बत्ता साटीनवरून घसरून ठण्णकन कठड्यावर आदळला.

बायकोने कानावर हात ठेवला. मग तिने एकेक चूक दाखवली. आधी दोरी. कोपऱ्यावरची गाठ सोडायला लावली आणि कठड्याच्या बरोबर मध्यावर टिचकी मारली. मध्यावरून ओढलं तर पाळणा सरळ येतो, गिरकी घेत नाही. मग साखळ्या. शेवटच्या कड्यापर्यंत खाली सोडल्या. साखळी लांब झाली आणि झोका संथ झाला. लंबक जितका लांब तितका सावकाश हलतो, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. विज्ञानाचे सर रजेवर असले की त्यांचा तास मीच घ्यायचो! मग साटीन. तिने गादीवरचं साटीन काढून बाजूला ठेवलं आणि माझं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती धोतर दाखवलं. त्याचा तुकडा घातला तसा बत्ता जागचा हलेना. साटीन बाहेरच्या बाजूने तळाला गेलं, दिसायला. आत सुती, निजायला.

परत दोरी ओढली. पाळणा आला, गेला. आला, गेला. आवाज नाही, झटका नाही. मी सोडून दिलं तरी बराच वेळ आपल्या आपण हलत राहिला. बायको पाटावर बसून डोळे अर्धे मिटून बघत होती. आमची मुलगी तान्ही असताना ती अशीच बघायची.

अष्टमीच्या दिवशी फुलं आली. आळीतल्या प्रत्येक घरून काही ना काही. तगर, जास्वंद, गोकर्ण, तुळशीच्या मंजिऱ्या, एका घरून केळीच्या पानात गुंडाळलेले मोजके सोनचाफे. बाजारातून झेंडू. वहिनी जुईच्या कळ्या घेऊन आल्या. दुपारीच खुडलेल्या, घट्ट मिटलेल्या. "आत्ता गुंफायच्या, म्हणजे तिन्हीसांजेला फुलतात आणि जन्माच्या वेळी घमघमतात," त्या म्हणाल्या. केळीचं सोपट, म्हणजे बुंध्याची वाळलेली साल, भिजवून तिच्या दोऱ्या काढल्या होत्या. दोन बायका बसून सरसर वेण्या करत होत्या.

मी उत्साहात झेंडूच्या माळा साखळ्यांना गुंडाळल्या. फार भरगच्च दिसत होतं. बायकोकडे बघितलं. तिने दोरी माझ्या हातात दिली. ओढून बघतो तर पाळणा एका अंगाला कलला होता आणि दोन झोक्यांत थांबत होता. फुलं एकमेकांवर घासत होती, पाकळ्या आत पडत होत्या.

"झेंडू चौकटीला हो भावोजी," वहिनी म्हणाल्या. "दर वर्षी वहिनी तसंच करतात. जड फुलं खांबांना. पाळण्याला आपली जुई आणि तगर."

बायकोने मान डोलावली. मी झेंडू उतरवून खांबांना गुंडाळला. पाळण्याला जुईच्या कळ्यांची एकेरी वेणी आणि मधे मधे गोकर्णाची निळी फुलं. तरी डावं अंग थोडं खाली राहिलं. बायकोने ताम्हनातल्या दोन सुपाऱ्या उचलून उजव्या बाजूच्या लोडात सरकवल्या. पाळणा सरळ झाला. सोनचाफे तिने उशाशी ठेवायला लावले, गादीखाली, दिसणार नाहीत असे.

सायंकाळी पाऊस उघडल्यावर चौघांनी मिळून पाळणा देवळात नेला. वरून प्लास्टिक धरलं होतं. बायको माझा हात धरून मागून चालत होती. तेवढंसं अंतर, पण ती मधे दोनदा थांबली. दम लागला म्हणून एकदा, आणि एकदा पुढच्यांना पाळणा उजव्या अंगाला कलतोय हे काठी आपटून सांगायला.

रात्री देऊळ भरलं. कीर्तन झालं. जन्माची वेळ जवळ आली तसे सगळे उभे राहिले. पुजाऱ्यांनी पडदा सारला, घंटा, शंख, गुलाल, फुलं, एकच गजर. मग बाळकृष्णाला पाळण्यात ठेवलं. जुई फुलली होती. मला काळजी एकच, मूर्ती घसरेल का? नाही घसरली. सुती धोतरावर देव घट्ट बसला.

पाळण्याची पहिली दोरी माझी बायको ओढायची, दर वर्षी. वहिनींनी तिला पाळण्याजवळ स्टुलावर बसवलं आणि दोरी तिच्या डाव्या हातात दिली. मी पुरुषांच्या बाजूला, खांबाला टेकून उभा होतो. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. आमच्या देवळातला तो जुना पाळणा फार लांब आहे. सुरुवातीची कडवी सगळ्यांना येतात. मधल्या कडव्यांत सगळ्या अडखळतात. ती कडवी फक्त माझ्या बायकोला पाठ. ती म्हणायची आणि बाकीच्या मागून ओढल्यासारख्या म्हणायच्या. त्या वर्षी काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं. मधली कडवी गाळायची असं वहिनींनी ठरवून ठेवलं होतं.

पहिली कडवी झाली. आवाज विरळ होत गेले. वहिनी शेवटच्या कडव्याकडे वळणार, तेवढ्यात मधलं कडवं सुरू झालं.

मला आधी कळलंच नाही कोण म्हणतंय. आवाज खाली होता, किंचित फाटलेला. झोक्याबरोबर एकेक ओळ येत होती, पाळणा पुढे गेला की अर्धी, मागे आला की अर्धी. शब्द स्वच्छ. एकही शब्द चुकला नाही. सगळ्या बायका थांबल्या आणि देवळात तो एकच आवाज राहिला. वहिनींनी एका हाताने तोंड दाबून धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने बाकीच्यांना खूण करत होत्या, थांबा, कुणी मधे म्हणू नका. बायको आमच्याकडे बघत नव्हती. तिचं लक्ष पाळण्यावर होतं. आपण काय करतोय हे तिला तरी कळत होतं की नाही, कोण जाणे. मी खांब धरून खाली बसलो. शेजारच्या माणसाने मला पाणी हवं का विचारलं. मी मान हलवून नको म्हटलं.

शेवटच्या कडव्याला सगळ्यांनी आवाज मिसळला.

सुंठवडा वाटला गेला. मी तिच्याजवळ गेलो. "अगं, तू म्हटलंस," मी म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि परत तोच एकुलता एक शब्द आला. ती स्वतःच थबकली. मग तिच्या डोळ्यांत पाणी भरलं. मी तिचा लुळा हात हातात घेऊन बसलो. त्या रात्री घरी येऊन आम्ही शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि आंबोळ्या खाल्ल्या. मी तिला घास भरवायला गेलो तर तिने आंबोळी माझ्या हातून काढून घेतली आणि स्वतः खाल्ली.

पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. असं होतं, ते म्हणाले. बोलण्याची वाट मेंदूत एकीकडे, गाण्याची बरीचशी दुसरीकडे. एक बंद झाली तरी दुसरी उघडी राहू शकते. गाण्यातून बोलण्याकडे नेण्याचा व्यायाम असतो, जमेल तितका करून बघा. चमत्काराची वाट बघू नका.

चमत्कार झाला नाही. मी रोज सकाळी तिच्यासमोर बसून पाळण्याच्या चालीवर "चहा हवा" म्हणायचो, डाव्या हाताने तिच्या गुडघ्यावर ताल धरून. माझा आवाज असा की कावळेही उडून जावेत. ती हसायची. दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी तिने त्याच चालीवर "चहा" म्हटलं. मग "नको". मग वहिनींचं नाव. दिवाळीत मुलगी आली तेव्हा तिला तिच्या लाडक्या नावाने हाक मारली, चालीवर, आणि मुलगी उंबऱ्यातच बॅग टाकून रडली. अजूनही लांब वाक्य जमत नाही. घाईत काही सांगायचं झालं तर शब्द अडतात. पण आमचं चालतं.

त्या अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, गोपाळकाला उरकल्यावर, पाळणा घरी परत आला होता. जुई पिवळी पडली होती, गोकर्ण मलूल झाला होता. फुलं आम्ही विहिरीकाठच्या झाडाच्या आळ्यात टाकली, पिसं झटकून निंबाच्या पाल्यात गुंडाळली. मग झालर उसवायला बसलो. ती कात्रीचं टोक डाव्या हाताने टाक्याखाली सरकवायची, मी कापड ताणून धरायचो. तिचा लुळा उजवा हात मी कापडावर वजनासारखा ठेवला होता, कापड सरकू नये म्हणून. तिला ते आवडलं. बघ, उपयोगी आहे, अशा नजरेने तिने त्या हाताकडे पाहिलं.

एकेक लांब टाका कापला जात होता. चुण्या सुटत होत्या. उसवता उसवता ती ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणत होती. बाहेर परत पाऊस सुरू झाला होता, वहिनी कुंपणापलीकडून कुणाला तरी वाळत घातलेले कपडे काढायला ओरडून सांगत होत्या. पैठणीचा काठ मोकळा झाला तसा मी तो इस्त्री करायला बाजूला ठेवला.